श्रावण लागण्याआधी दवाखाना

«डॉक्टर, आमची तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. मालकांचं वय ४६. बारा-तेरा वर्षं रोज पितात. आता दिवसाला तीन क्वार्टर लागतात. पहिली पहाटे पाचलाच, नाहीतर हात इतके थरथरतात की कात्री धरवत नाही. दरवर्षी ते श्रावण पाळतात. तीन वर्षांपूर्वी नुसती थरथर झाली. त्याच्या पुढच्या वर्षी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी फीट आली, जीभ चावली, कपाळ फुटलं. मिरगीच्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्या महिन्यात बंद केल्या आणि दारू परत सुरू झाली. या वेळी ते स्वतःहून म्हणतात, दिवाळीनंतर पोरीचं लग्न आहे, आता कायमची सोडतो. भावजी म्हणतात, पहिल्या श्रावणाला मळ्यातल्या खोलीत चार दिवस कोंडून ठेवू, मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणतो. सासूबाई जेवणात कालवायची पावडर आणणार आहेत. श्रावणाला नऊ दिवस राहिलेत. काय करू?»

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. त्यांना मळ्यातल्या खोलीत कोंडू नका आणि पहिल्या श्रावणाची वाटही बघू नका. या नऊ दिवसांतला एखादा दिवस ठरवा आणि त्यांना सांगली किंवा मिरजेच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा. तिथे भरती करून दारू सोडवायची. आणि तो दिवस उजाडेपर्यंत त्यांची दारू एकदम बंद करू नका. डॉक्टर असून हे लिहिताना मलाही जड जातं, पण ते मी पूर्ण विचार करून लिहितोय. का, ते सांगतो.

पहाटे पाचचीच थरथर घ्या. व्हिस्की-रमची क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. माणसाचं यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निपटतं. म्हणजे रात्री नऊला संपवलेली क्वार्टर पहाटे चार-पाचच्या सुमाराला रक्तातून उतरते, आणि नेमके त्याच वेळी तुमच्या मालकांचे हात थरथरायला लागतात. त्यांच्या शरीराला आता दारू नसणं सोसत नाही. पाचची क्वार्टर ते मजेसाठी घेत नाहीत. ती घेतली की हात स्थिर होतात, म्हणून घेतात. सकाळी थरथर होते आणि घेतली की ती थांबते, एवढ्या एका गोष्टीवरून अवलंबित्व किती खोल गेलंय हे आम्हाला कळतं.

आता आत काय चाललंय ते बघू. गावच्या जत्रेतली रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. दारू मेंदूला सुस्तीकडे ओढते. मेंदू रोज तिच्याविरुद्ध जागेपणाकडे ओढतो, कारण त्याला श्वास, काळजाचे ठोके, तोल हे सगळं चालू ठेवायचं असतं. बारा वर्षं रोज ओढून ओढून त्याने आपली बाजू फार ताकदवान करून ठेवली आहे. शांत करणाऱ्या रसायनाला, म्हणजे गाबाला, तो कमी दाद देतो, आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला जास्त. पहिल्या श्रावणाला दारू अचानक दोर सोडून देते. समोरचा गट मात्र तेवढ्याच जोरात ओढत असतो, आणि तो सगळाच्या सगळा मागे जाऊन आदळतो. थरथर, घाम, धडधड, उलटी, झोप न लागणं, फीट आणि भ्रम ही सगळी त्याच आदळण्याची रूपं आहेत. यात मनाचा दुबळेपणा कुठेच नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी त्यांना फीट आली तेव्हाही त्यांचा निर्धार पक्काच होता.

तुम्ही तीन श्रावण लिहिलेत, ते वाचून मी थांबलो. पहिल्या वर्षी थरथर, दुसऱ्या वर्षी मुंग्या, तिसऱ्या वर्षी फीट. हा योगायोग नाही. दारू अचानक तुटली की मेंदू भडकतो, आणि प्रत्येक भडक्यानंतर पुढच्या वेळी तो आणखी लवकर आणि आणखी जोरात भडकतो. एकदा जळालेलं सरपण दुसऱ्यांदा लवकर पेटतं, तसंच. दर श्रावणात महिनाभर सोडायची आणि मग परत सुरू करायची, यात त्यांचा हेतू चांगला होता, पण शरीराच्या दृष्टीने तो दरवर्षी आधीपेक्षा मोठा धक्का होता. यंदाचा चौथा. म्हणून «गेल्या वर्षी निभावलं, यंदाही निभावेल» हा हिशोब इथे उलटा पडतो.

सगळ्याच पिणाऱ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. बऱ्याच जणांना सोडल्यावर दोन-तीन दिवस अस्वस्थ वाटतं, घाम येतो, झोप येत नाही आणि ते ओसरतं. ज्यांना पूर्वी कधी फीट किंवा भ्रम झालेला नाही, जे कमी पितात, घरी सांभाळणारं माणूस आहे आणि रोज तपासणारा डॉक्टर आहे, त्यांची घरीही सोडवता येते. पण आधी फीट येऊन गेलेला माणूस त्यांच्यात बसत नाही. तुमच्या मालकांना तर फीटही येऊन गेली आणि मुंग्याही दिसून गेल्या. त्यांच्यासाठी घर हा पर्यायच नाही.

काय होऊ शकतं ते एका माणसाच्या गोष्टीतून सांगतो. ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. टेम्पो चालवणारा, चाळिशीतला, कऱ्हाडकडचा. पिणं तुमच्या मालकांइतकंच. रविवारी रात्री नऊला शेवटची घेतली आणि देवासमोर शपथ घातली. सोमवारी पहाटे पाचला हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, कपातला चहा बशीत. दुपारपर्यंत तीन उलट्या. घरच्यांनी गावातल्या डॉक्टरांकडून «ताकदीची सलाइन» लावून आणली. सोमवार कसाबसा निघाला. रात्री एकला, म्हणजे शेवटच्या घोटानंतर अठ्ठावीस तासांनी, तो अंथरुणात ताठ झाला, डोळे फिरले, हातपाय झटकायला लागले. दीड-दोन मिनिटं. तासाभराने पुन्हा. नाकाला कांदा लावला, चप्पल हुंगवली, हातात लोखंडी किल्ली दिली. फीट थांबली ती आपसूक, पण कांद्याने थांबली असं घरच्यांना वाटलं.

मग जवळच्या एका रुग्णालयात नेलं. तिथे विचारलं, दारू पितात का? भावाने लाजेखातर सांगितलं, नाही. झालं. डोक्याचा सीटी स्कॅन ठीक आला, फीटचं इंजेक्शन दिलं, मिरगीच्या गोळ्या लिहून बुधवारी सकाळी घरी सोडलं. शेवटची कधी घेतली, हे कुणी पुन्हा विचारलं नाही. ते त्या कागदावर असतं तर पुढचं बहुधा टळलं असतं.

बुधवारी दिवसभर तो शांत होता. एक भाकरी खाल्ली. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पाहुणे परतले. ताई, मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच शांत दिवसाची. रात्री अकराला तो उठून बसला आणि हवेत स्टिअरिंग फिरवायला लागला. डावा पाय क्लचवर, उजवा हात गिअरवर. बायकोला क्लीनर समजून «मागं बघ, मागं बघ» म्हणत होता. मग पांघरुणातले नसलेले किडे वेचायला लागला. दारात पोलीस उभे आहेत म्हणून मागच्या दाराने विहिरीकडे पळाला. चौघांनी धरला. कुणी म्हणालं बाहेरचं झालंय, म्हणून रात्र अंगाऱ्यात गेली. गुरुवारी पहाटे तो आमच्याकडे आला तेव्हा ताप १०२, नाडी मिनिटाला १४०, अंग घामाने चिंब. कुठे आहोत, कोणता वार, काहीच ठाऊक नाही.

याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात आम्ही डीटी म्हणतो. शेवटच्या घोटानंतर दोन ते चार दिवसांत, बहुतेकदा तिसऱ्या रात्रीच्या आसपास तो येतो. दारू तुटल्याची फीट येते ती त्याच्या आधी, साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत. अशी फीट येऊन उपचार झाले नाहीत, तर साधारण तिघांतला एक पुढे डीटीत जातो. पूर्वी नीट उपचार नव्हते तेव्हा डीटी झालेल्या शंभरातले पंधरा किंवा त्याहूनही जास्त दगावत. आज वेळेवर भरती केलं तर ते प्रमाण पाचाच्या आत आणता येतं. एवढा फरक पडतो तो योग्य वेळी ओळखून नीट उपचार केल्यामुळे. हवेत स्टिअरिंग फिरवणारा माणूस बाधित नसतो, वेडाही नसतो. डीटीत माणूस कित्येकदा रोजचं कामच करायला लागतो. तुमचे मालक कदाचित हवेत द्राक्षाची काडी कापतील.

तो टेम्पोवाला वाचला. शिरेतून शांत करणारं औषध पुन्हापुन्हा द्यावं लागलं, बी-वन, क्षार, मॅग्नेशियम दिलं. रविवारी सकाळी त्याने बायकोला ओळखलं. मधले चार दिवस त्याच्या आठवणीतून कायमचे गेले.

आता भावजींच्या बेताकडे वळतो. त्यांची तळमळ खरी आहे, म्हणून नीट सांगतो. ते आणणार असलेल्या झोपेच्या गोळ्या आणि आम्ही वॉर्डात देतो ती औषधं बऱ्याचदा एकाच घराण्यातली असतात. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम. रस्सीखेचीतला जो दोर दारूने सोडला तो ही औषधं काही दिवस धरून ठेवतात आणि मग हळूहळू सैल करतात. मग घरी का नको? कारण फरक गोळीत नसतो, मोजण्यात असतो. कमी दिली तर फीट थांबत नाही. जास्त दिली, किंवा खोलीत लपवलेली एखादी नव्वद मालकांनी वरून घेतली, तर झोपेतच श्वास मंदावतो आणि कोंडलेल्या खोलीत ते सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. आणि यकृत खराब असेल तर नेहमीचं औषध शरीरातून निघत नाही, साठत जातं. अशा माणसाला आम्ही वेगळं औषध देतो, आणि यकृत कसं आहे ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

वॉर्डात मोजतात म्हणजे काय करतात? नर्स दर काही तासांनी येऊन दहा गोष्टी बघते. हात पुढे करून बोटं पसरायला सांगते आणि थरथर बघते. कपाळावरचा घाम, मळमळ, घाबरेपणा, चुळबूळ, डोकेदुखी बघते. अंगावर काही चालल्यासारखं वाटतं का, आवाज बोचतात का, उजेड टोचतो का किंवा काही दिसतं का, हे विचारते. आज काय वार, आपण कुठे आहोत, हेही विचारते. प्रत्येकाला गुण असतात, एकूण जास्तीत जास्त ६७. आठच्या आत असेल तर बहुतेकदा जादा औषध लागत नाही. पंधराच्या वर गेलं की प्रकरण गंभीर. गुण चढले की डोस वाढतो, उतरले की कमी होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध भरपूर लागतं आणि साधारण आठवड्यात शून्यावर येतं. हे काम खोलीला बाहेरून कडी घालून होत नाही. रात्री दोनला उठून हात बघणारं माणूस लागतं.

सलाइनबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेलं असतं. गावाकडे «ताकदीची» म्हणून लावतात ती सलाइन बहुतेकदा ग्लुकोजची असते. साखर वापरायला शरीराला थायमिन लागतं. उरलंसुरलं थायमिन ती साखर खाऊन टाकते आणि मेंदूचा एक भाग उपाशी पडतो. मग माणूस बरळतो, चालताना लटपटतो, डोळ्यांची बुबुळं नीट फिरत नाहीत. वेळेवर थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून कुठेही सलाइन लावायची वेळ आली तर विचारा, «डॉक्टर, बी-वनचं इंजेक्शन दिलं का?» दारू पिणाऱ्याला ते ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर गेलं पाहिजे, आणि सुरुवातीला गोळी पुरत नाही, इंजेक्शनच लागतं. कुणी चिडलं तरी विचारा.

सासूबाईंच्या पावडरीला माझा ठाम नकार आहे. जेवणात कालवायच्या पुड्यांमध्ये नेमकं काय आहे ते बहुतेकदा कुणालाच माहीत नसतं. काहींत डायसल्फिराम असतं. ते अंगात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, कधी हृदय थांबतं. हे औषध आम्हीही काही जणांना देतो, पण रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने, दारू पूर्ण सुटल्यानंतर आणि हृदय-यकृत तपासून. ज्याला ठाऊकच नाही तो दारू घेणारच, आणि बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. शिवाय त्याने फीटपासून काहीच संरक्षण मिळत नाही. आणि ताई, ते स्वतः सोडतो म्हणतायत. अशा माणसाच्या ताटात चोरून काही कालवलं आणि ते त्याला कळलं, तर पुन्हा घरच्यांवर विश्वास कोण ठेवेल?

मिरगीच्या गोळ्यांचंही सांगतो. गेल्या वर्षीची फीट दारू तुटल्याची असेल आणि डोक्यात दुसरं कारण नसेल, तर आयुष्यभर मिरगीच्या गोळ्यांची गरज सहसा नसते. आणि मुख्य म्हणजे, मिरगीचं नेहमीचं फेनिटॉइन दारू तुटल्याची फीट रोखत नाही. घरात गेल्या वर्षीची पट्टी उरली असेल तर ती खाऊन दारू सोडायचा धोका घेऊ नका. पण मालकांचं कपाळ फुटलं होतं, म्हणून डोक्यात जुना मार किंवा गोठलेलं रक्त नाही ना, हे भरती केल्यावर डॉक्टरांना बघू द्या. फीट एकाच बाजूला आली असेल, किंवा नंतर एक हात-पाय कमजोर वाटला असेल, तर ते आवर्जून सांगा.

आता हे नऊ दिवस. उद्या किंवा परवा सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात जा, तासगावहून सांगली फार लांब नाही. भरतीची तारीख ठरवून घ्या, शक्यतो श्रावणाच्या आधीची, म्हणजे शपथही राहील आणि जीवही. तोवर मालकांनी जेवढी रोज लागते तेवढीच घ्यावी, दिवसभरात विभागून, जास्त नाही. गटारीला मित्र म्हणतील, शेवटची आहे, होऊन जाऊ दे. ते मात्र टाळा, कारण जितकं चढवलं तितकं उतरताना आदळतं. जेवण चुकू देऊ नका, डॉक्टरांना विचारून बी-वनच्या गोळ्या सुरू करा. ट्रॅक्टर, ब्लोअर, विहिरीचा काठ आणि गाडी यांपासून त्यांना लांब ठेवा.

निघायच्या दिवशी लोक एक चूक हमखास करतात. दवाखान्यात वास येऊ नये, डॉक्टरांचा मान राहावा, म्हणून आदल्या संध्याकाळपासून माणसाला दारूशिवाय ठेवतात. मग एसटीत किंवा रांगेतच त्याला फीट येते. असं करू नका. पहाटे हात थरथरत असतील तर नेहमीची सकाळची घेऊन निघू द्या. वासाचं आम्हाला काही वाटत नाही. चारचाकीने न्या, मोटरसायकलवर मागे बसवूनही नको. आणि जर त्यांनी मध्येच स्वतःहून बंद केली आणि थरथर, उलट्या, घाम सुरू झाले, तर तारखेची वाट न बघता त्याच वेळी सरळ अपघात विभागात या.

खासगी व्यसनमुक्ती केंद्र निवडायचं ठरवलं तर फोनवर तीनच प्रश्न विचारा. रात्री डॉक्टर केंद्रात असतो का? मध्यरात्री फीट आली तर शिरेतून औषध देण्याची सोय तिथेच आहे का? पहिल्या आठवड्यात दर किती तासांनी तपासतात? «आमच्याकडे दारू सोडायला औषध लागत नाही, शिस्त लागते» असं उत्तर आलं तर ते केंद्र तुमच्या मालकांसाठी नाही, कमीत कमी या पहिल्या आठवड्यासाठी तरी नाही. शिस्त, गटातलं बोलणं, समुपदेशन या सगळ्याला पुढे फार मोठी जागा आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून ते काम करतंय, आणि ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभाही आहेत. शरीर शांत झाल्यावर परत प्यावंसं वाटू नये म्हणून नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत. ती कोणाला कधी द्यायची ते डॉक्टर यकृत आणि मूत्रपिंड बघून ठरवतील. त्यावर पुन्हा लिहीन, तुम्ही भरतीनंतर पत्र पाठवा.

त्याआधी घरी फीट आलीच तर काय करायचं ते सासूबाईंनाही दाखवून ठेवा. त्यांना कुशीवर वळवा, डोक्याखाली उशी किंवा टॉवेल, जवळची टोकदार वस्तू बाजूला, गळ्यापाशी काही आवळलं असेल तर सैल. घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, काहीही घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, किल्ली यांत वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा, फीट थांबली तरी करा, कारण दारू तुटल्याच्या फीटनंतर दुसरी बऱ्याचदा सहा तासांच्या आत येते. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्ध न येताच दुसरी सुरू झाली, तर जीवाला तातडीचा धोका आहे, अँब्युलन्सची वाट बघताना जी गाडी आधी मिळेल ती घ्या. रात्री-अपरात्री नुसतं विचारायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

भरतीच्या पिशवीत एक कागद हवा, तुमच्या हाताने लिहिलेला. शेवटची दारू किती वाजता, कोणती, किती. रोज किती आणि किती वर्षं. तीन श्रावणांत काय काय झालं, तुम्ही मला लिहिलंत तसंच. गेल्या वर्षीचे रुग्णालयाचे कागद आणि सीटीची फिल्म. सध्याच्या सगळ्या गोळ्या, कुणी चोरून दिलेल्या असतील तर त्याही. हा कागद भावजींच्या हातात देऊ नका, तुम्ही स्वतः डॉक्टरांच्या हातात द्या आणि ते वाचेपर्यंत समोर उभ्या राहा. आणि वॉर्डात तिसऱ्या रात्री मालकांजवळ घरचं एक जागं माणूस ठेवा. दिवसभर ते कितीही शांत दिसले, पोटभर जेवले, उद्या घरी जाऊ म्हणाले, तरी ठेवा. ते हवेत काही वेचायला लागले तर नर्सला उठवायचं, एवढंच त्या माणसाचं काम.